‘आपल्या सोयीची वेळ कळवावी’ या मेलला उत्तर का येत नाही

*मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पुरवठादारांची बिलं फायनान्समध्ये अडकतात आणि त्यांचे फोन मला येतात. गेल्या तीन महिन्यांत अशी ४६ बिलं अडकली. त्यांतल्या ३१ बिलांत ऑर्डरच्या रकमेशी फरक एक टक्क्याहूनही कमी होता, म्हणजे कुठे थोडं वाहतूक भाडं, कुठे रक्कम पूर्णांकात केल्याने पडलेला फरक. फायनान्सच्या प्रमुख मॅडमशी एकदा बसून बोलावं म्हणून मी मेल केला: ‘नमस्कार मॅडम, पुरवठादारांच्या पेमेंटसंदर्भात काही मुद्द्यांवर आपल्याशी चर्चा करायची होती. आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.’ उत्तर नाही. आठवड्याने तोच मेल पुन्हा पाठवला, तर ‘कशाबद्दल?’ एवढाच शब्द आला. आमचे साहेब म्हणतात, मेलमध्ये उद्देश, अजेंडा, किती वेळ लागेल ते आणि दोन-तीन वेळा लिहायच्या. पण मोठ्या माणसाला आपणच वेळ सुचवायची हे उद्धटपणाचं नाही का? आणि सगळं मेलमध्येच लिहिलं तर मीटिंगमध्ये बोलायचं काय?*

‘कशाबद्दल?’ हे उत्तर वाचून खट्टू होऊ नका. मॅडमनी मेल उघडला, वाचला आणि जे त्यात नव्हतं नेमकं तेच विचारलं. म्हणजे दार उघडं आहे. आता नवा मेल लिहू नका. त्या ‘कशाबद्दल?’लाच उत्तर द्या, म्हणजे त्यांना आपण काय विचारलं होतं ते समोरच दिसेल.

आधी तुमची उद्धटपणाची शंका सोडवू, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचं हातून नीट लिहून होणार नाही. ‘आपल्या सोयीची वेळ कळवावी’ हे वाक्य दिसायला नम्र आहे, पण त्यात सगळं काम समोरच्याच्या अंगावर टाकलेलं आहे. विषय काय असेल याचा अंदाज त्यांनी बांधायचा, अर्धा तास पुरेल की दीड तास लागेल हेही त्यांनीच ठरवायचं. मग कॅलेंडर उघडायचं, मोकळी जागा शोधायची, ती तुम्हाला जमते का हे विचारायचं आणि पुन्हा तुमच्या उत्तराची वाट बघायची. दोन मीटिंगच्या मधल्या चार मिनिटांत मोबाइलवर मेल बघणारा माणूस यातलं काहीही करत नाही. तो ‘नंतर बघू’ म्हणतो आणि ते नंतर कधीच उगवत नाही. याच्या उलट एकच वेळ कळवणं, ‘मंगळवारी साडेअकराला भेटू या’, हे मात्र खरोखरच हुकूम सोडल्यासारखं वाटतं. दोन-तीन वेळा दिल्या की निवड त्यांच्याकडे राहते आणि शोधाशोध तुमच्याकडे. वरिष्ठांशी वागायची याहून अदबशीर रीत मला तरी माहीत नाही.

म्हणून मेल पाठवण्यापूर्वी एकच कसोटी लावा: याला मोबाइलवरून, एका हाताने, एका शब्दात उत्तर देता येईल का? ‘२’ एवढं टाइप करून मॅडम मोकळ्या व्हायला हव्यात. उद्देश, अजेंडा, कालावधी आणि वेळा हे सगळं त्या ‘२’साठी आहे.

उद्देशापासून सुरुवात करू, कारण तिथेच तुमचा मेल अडखळला. ‘काही मुद्द्यांवर चर्चा’ हा उद्देश होत नाही. कागदावर असं वाक्य लिहा: ‘ही मीटिंग संपेल तेव्हा … ठरलेलं असेल’ आणि गाळलेली जागा भरा. ती भरता आली नाही तर मीटिंग मागायची वेळ अजून आलेली नाही. तुमच्या पत्रात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. अडकलेली बिलं सुटावीत ही एक. लहान फरकासाठी पुढे बिलं अडकूच नयेत ही दुसरी. आणि पुरवठादारांचे फोन मीच का घ्यायचे, ही तिसरी. तिसरी गोष्ट तुमची तक्रार आहे, रास्तही आहे, पण तिच्यावर मॅडमनी नेमकं काय करायचं? ती मेलमध्ये येऊ देऊ नका.

पहिल्या गोष्टीसाठी प्रमुखांची गरजच नाही. अडकलेल्या बिलांची यादी करा, प्रत्येकासमोर ऑर्डर क्रमांक, मालपावती क्रमांक आणि फरकाची रक्कम लिहा आणि बिलं तपासणाऱ्या सहकाऱ्याला आजच पाठवून द्या. मॅडमच्या टेबलावरचा विषय फक्त दुसरा. ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, या तिन्हींचा मेळ बसला तरच पैसे सोडायचे ही फायनान्सची शिस्त आहे, आणि ती योग्यही आहे. प्रश्न एवढाच की मेळ किती काटेकोर असावा. पुष्कळ कंपन्या फरकाची एक मर्यादा ठरवून ठेवतात. त्या मर्यादेच्या आतला फरक असेल तर बिल थांबवत नाहीत. तुमच्याकडे बहुधा अशी मर्यादा नाही किंवा असून शून्य आहे. ती बदलायचा अधिकार प्रमुखांचा. तेव्हा गाळलेली जागा अशी भरली: ‘वाहतूक भाडं आणि पूर्णांकाचा लहान फरक असलेलं बिल किती मर्यादेपर्यंत, कोणाच्या मंजुरीने पुढे जाईल, हे ठरलेलं असेल.’

हे वाक्य लिहिताना एक काळजी घ्या. ‘आपल्या विभागात बिलं अडकतात’ असं लिहिलंत की वाचणारा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. मग तो मीटिंगला आला तरी ‘आमच्याकडून उशीर होत नाही’ हे सिद्ध करायला येतो. विषय नियमाचा आहे, विभागाचा नाही, तसंच तो लिहा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सगळं लिहून टाकलं तर बोलायचं काय. जे आकडे आहेत ते मेलमध्ये जाऊ द्या. ४६ बिलं, त्यांतली ३१ एक टक्क्याच्या आतली, हे ऐकवण्यासाठी कोणाचे दहा मिनिटं घ्यायची गरज नाही. बोलायचं ते यावर की मर्यादा नुसती टक्क्यांत ठेवली तर मोठ्या बिलावर एक टक्काही मोठी रक्कम होते, मग वर रकमेचीही मर्यादा लावायची का. सूट मिळते हे कळल्यावर एखादा पुरवठादार प्रत्येक बिलात थोडंथोडं वाढवू लागला तर ते लक्षात कसं येणार. ऑडिटला काय दाखवायचं. यातला एकेक प्रश्न दुसऱ्यातून निघतो. मेलवर हे करायला गेलात तर पंधरा मेल होतील आणि दहाव्या मेलला कोणीतरी भलत्याच माणसाला कॉपीत घेईल. समोरासमोर वीस मिनिटांत होण्यासारखं काम आहे. मीटिंग कशासाठी हवी हे तुम्हाला स्वतःला असं सांगता आलं पाहिजे. आलं नाही तर मेलच पुरेसा आहे.

अजेंडा म्हटलं की लोक शीर्षकं लिहितात: ‘पार्श्वभूमी’, ‘सद्यस्थिती’, ‘पुढील दिशा’. असा अजेंडा कोणत्याही मीटिंगला चालतो, म्हणून कोणत्याच मीटिंगला उपयोगी पडत नाही. मुद्दे प्रश्नाच्या रूपात लिहा. प्रश्नाला उत्तर मिळालं की मुद्दा संपला हे सगळ्यांना एकदम कळतं. ‘सद्यस्थिती’ कधी संपते?

तुमच्यासाठी तीन प्रश्न पुरे. कोणते फरक यात धरायचे? मर्यादा किती आणि मंजुरी कोणाची? कधीपासून सुरू करायचं आणि परत कधी तपासायचं? पहिल्या प्रश्नात तुम्ही स्वतःच एक कुंपण घाला: दरातला किंवा करातला फरक यात नाही, तसं बिल पुरवठादाराकडून दुरुस्त करूनच घेऊ. हे वाक्य मॅडमसाठी फार मोलाचं आहे. समोरचा माणूस सरसकट सूट मागायला येत नाहीये हे त्यांना मीटिंगआधीच कळतं, आणि ‘नाही’ म्हणण्याचं सगळ्यात मोठं कारण तिथेच गळून पडतं.

प्रत्येक प्रश्नापुढे मिनिटं लिहा. पहिल्याला ५, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला ५. बेरीज २२. मीटिंग २५ मिनिटांची मागा. उरलेली तीन मिनिटं लोक येऊन बसेपर्यंत आणि ठरलेलं वाचून दाखवेपर्यंत जातात. मुख्य निर्णयाचा प्रश्न शेवटी ठेवू नका. शेवटच्या मुद्द्यावर येईपर्यंत कोणीतरी घड्याळाकडे बघत असतं आणि मग ‘यावर पुन्हा बसू’ ठरतं. ‘इतर विषय’ हा मुद्दा तर लिहूच नका. वेळेची सगळी गणितं त्या एका ओळीत बुडतात.

कालावधी असा अजेंड्यातून निघतो, अंदाजाने ठरवायचा नसतो. बहुतेक लोक सवयीने एक तास मागतात, कारण कॅलेंडरचे चौकोन तसे आखलेले असतात. पण प्रमुखांच्या दिवसात एक तासाची सलग मोकळी जागा मिळणं कठीण, पंचवीस मिनिटांची त्या मानाने सहज मिळते. अर्ध्या तासाच्या ऐवजी पंचवीस मागितली की पुढच्या मीटिंगआधी त्यांना पाणी प्यायला पाच मिनिटं उरतात. गूगल कॅलेंडरमध्ये तर Speedy meetings नावाची सोयच आहे, ती सुरू केली की अर्ध्या तासाची मीटिंग आपोआप २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची होते. तुमची बेरीज समजा ५० मिनिटांवर गेली, तर वेळ वाढवण्याआधी एखादा प्रश्न कमी करता येतो का ते बघा. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ‘फक्त पाच मिनिटं’ असंही लिहू नका. पाच मिनिटांची म्हणून मागितलेली मीटिंग अर्धा तास चालली की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

वेळा सुचवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका होतात त्या इथेच.

मॅडमना वेळ विचारण्याआधी स्वतःची माणसं पक्की करा. मीटिंगला तुमच्या बाजूने कोण लागणार? तुम्ही, आणि मंजुरीची जबाबदारी खरेदी विभागाकडे येणार असेल तर तुमचे साहेबही. त्यांना आधी विचारा, त्यांच्या मोकळ्या वेळांतूनच तीन निवडा. मॅडमनी ‘२’ लिहून पाठवल्यावर ‘माफ करा, त्या वेळी आमचे साहेब नाहीत’ असं कळवायची वेळ आली, तर सगळी मेहनत पाण्यात गेली समजा.

मग त्या तीन वेळा एकमेकींपासून लांब ठेवा. मंगळवारी साडेअकरा, बारा आणि साडेबारा या कागदावर तीन वेळा आहेत, पण मॅडम मंगळवारी दुपारपर्यंत बाहेर असतील तर तिन्ही एकदमच बाद. वार वेगळे घ्या, आणि एखादी सकाळची, एखादी दुपारची घ्या. लोकांच्या ठरलेल्या मीटिंगा बहुधा रोज एकाच वेळी किंवा दर आठवड्याला एकाच वारी असतात. वारही वेगळा आणि प्रहरही वेगळा असला की तिन्हींवर एकदम फुली पडण्याची शक्यता कमी होते. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: फायनान्सच्या माणसाला महिन्याचे शेवटचे आणि पुढच्या महिन्याचे पहिले काही दिवस हिशेब बंद करायचे असतात. तेव्हा मीटिंग मागणाऱ्याला आपलं काम कळत नाही असंच त्यांना वाटतं. महिन्याचा मधला आठवडा धरा.

फार जवळची वेळही नको, फार लांबचीही नको. उद्याची वेळ दिली तर उत्तर येण्याआधीच ती निघून जाते. तीन आठवड्यांनंतरची दिली तर मॅडम हो म्हणतात आणि आदल्या दिवशी रद्द करतात. तीन-चार कामाच्या दिवसांनंतर सुरुवात करून त्याच आठवड्यात संपेल असा टप्पा साधारण बरा पडतो.

वेळ लिहिताना वार, तारीख, सुरुवात आणि शेवट, चारही लिहा. ‘पुढच्या शुक्रवारी दुपारी’ असं लिहिलं की एकाच्या डोक्यात या आठवड्याचा शुक्रवार असतो, दुसऱ्याच्या डोक्यात त्या पुढच्या आठवड्याचा. वार आणि तारीख जुळतात ना, हे कॅलेंडर उघडून बघा. ‘बुधवार १४’ लिहिलंत आणि १४ला मंगळवार असला, तर वार चुकला की तारीख, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही आणि एका शब्दाचं उत्तर तिथेच मेलं. महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहा. वेगवेगळ्या देशांत बसलेल्या लोकांना मेल असेल तर कोणत्या शहराची वेळ ते लिहा आणि समोरच्याच्या घड्याळाप्रमाणे किती वाजतील तेही शेजारी द्या. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे होतं, त्यामुळे मागच्या महिन्याचा फरक पाठ असला तरी या महिन्यात तो खरा असेलच असं नाही.

तीनच का, पाच का नाहीत? कारण दिलेली प्रत्येक वेळ तुम्हाला स्वतःच्या कॅलेंडरवर राखून ठेवावी लागते. आउटलुकमध्ये Tentative अशी खूण करता येते, ती करा. पाच वेळा दिल्या तर तुमचे आणि साहेबांचे पाच तुकडे उत्तर येईपर्यंत अडकून पडतात. मग माणसाला मोह होतो, त्यातलीच एखादी वेळ दुसऱ्या कोणाला देण्याचा, आणि नेमके दोघेही तीच उचलतात. शिवाय पाच पर्याय वाचणं हेही कामच आहे. मॅडमचं कॅलेंडर तुम्हाला दिसत असेल तर दोन वेळाही पुरतात. दिसत नसेल तर तीन द्या.

दिसत असेल तर सरळ इन्व्हाइटच का पाठवू नये, असं तुम्ही म्हणाल. आपल्याच टीममधल्या सहकाऱ्याला खुशाल पाठवा. पण दुसऱ्या विभागाच्या प्रमुखांच्या कॅलेंडरवरची कोरी जागा म्हणजे मोकळा वेळ असतोच असं नाही. कित्येक जण स्वतःच्या कामाचा वेळ कुठे नोंदवतच नाहीत. त्या जागेवर न विचारता चौकोन टाकला की त्यांच्या हातात ‘स्वीकार’, ‘कदाचित’ आणि ‘नकार’ अशी बटणंच उरतात, आणि नकार दाबायला जड जातं म्हणून ते कोणतंच दाबत नाहीत. कॅलेंडर बघा, त्यावरून वेळा निवडा, पण विचारा मेलने.

उत्तर कधीपर्यंत हवं तेही लिहा, आणि कारणासह लिहा. ‘कृपया लवकर कळवावे’ यात काहीच नाही. ‘शुक्रवारपर्यंत कळलं तर उरलेल्या दोन वेळा मोकळ्या करता येतील’ यात कारण आहे आणि दटावणी नाही. तिन्ही वेळा जमत नसल्या तर काय, याचीही वाट ठेवा, पण पुन्हा ‘आपल्या सोयीने’ म्हणून सुरुवातीला जाऊ नका. पुढच्या आठवड्यातला सकाळचा वेळ बरा की दुपारचा, एवढंच विचारा. त्याचंही उत्तर एका शब्दात येतं.

आता हे सगळं एकत्र आणू. समजा आज बुधवार, ८ जुलै आहे. विषयाच्या ओळीत काम, मिनिटं आणि तारखा तिन्ही येऊ द्या, कारण मोबाइलवर कधीकधी तेवढंच वाचलं जातं. ती ओळ लांबली तर शेवटचे शब्द कापले जातात, म्हणून काम सगळ्यात आधी.

> विषय: बिलांतील लहान फरकाची मर्यादा ठरवणे – २५ मिनिटांची भेट, १४ ते १७ जुलै
>
> नमस्कार मॅडम,
>
> आपण विचारलंत, ‘कशाबद्दल?’ वाहतूक भाडं किंवा पूर्णांकामुळे ऑर्डरपेक्षा थोडा फरक असलेलं बिल किती मर्यादेपर्यंत आणि कोणाच्या मंजुरीने पुढे पाठवावं, हे आपल्यासोबत ठरवायचं आहे. त्यासाठी २५ मिनिटं हवी आहेत.
>
> गेल्या तीन महिन्यांत ४६ बिलं थांबली. त्यांतील ३१ बिलांत फरक एक टक्क्याहून कमी होता. एका पानाचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> अजेंडा:
> कोणते फरक यात धरायचे? (५ मिनिटं) दर आणि करातला फरक यात नाही. ती बिलं दुरुस्त करूनच घेऊ.
> मर्यादा किती आणि मंजुरी कोणाची? (१२ मिनिटं)
> सुरुवात कधी आणि फेरतपासणी कधी? (५ मिनिटं)
>
> खालीलपैकी कोणती वेळ जमेल? नुसता आकडा कळवला तरी चालेल.
> १) मंगळवार, १४ जुलै, सकाळी ११.३० ते ११.५५
> २) बुधवार, १५ जुलै, दुपारी ४.०० ते ४.२५
> ३) शुक्रवार, १७ जुलै, सकाळी १०.०० ते १०.२५
>
> आमचे साहेब आणि मी तिन्ही वेळा राखून ठेवल्या आहेत. आपल्याच केबिनमध्ये येऊ. बिलं तपासणारे सहकारी असावेत का, ते आपण ठरवावं. शुक्रवार, १० जुलैपर्यंत कळलं तर उरलेल्या वेळा मोकळ्या करता येतील. यांपैकी काहीच जमत नसेल तर २० जुलैच्या आठवड्यात सकाळ बरी की दुपार, एवढं कळवावं. त्याप्रमाणे नव्या वेळा पाठवतो.

खाली तुमचं नाव, विभाग आणि फोन. तुमच्या कार्यालयात इंग्रजीत मेल जात असेल तर इंग्रजीत लिहा, ओळींचा क्रम मात्र हाच ठेवा. पहिल्या तीन वाक्यांत काम आणि मिनिटं आली आहेत, हे लक्षात घ्या. ‘आशा आहे आपण कुशल असाल’, ‘मी अमुक विभागात तमुक वर्षं काम करत आहे’ अशी प्रस्तावना आधी घातली तर मोबाइलच्या पडद्यावर तीच दिसेल आणि काम खाली जाईल. आणि तक्ता एका पानाचा म्हटलाय तर एकाच पानाचा पाठवा. शेहेचाळीस बिलांच्या स्कॅन प्रती जोडू नका.

कॉपीत कोण? फक्त तुमचे साहेब, कारण ते येणार आहेत. दबाव यावा म्हणून मॅडमच्या वरिष्ठांना कॉपीत घेण्याचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच सोडून द्या. पहिल्या विनंतीतच तसं केलं तर उत्तर तुम्हाला येत नाही, तुमच्या साहेबांना येतं, आणि ते वेगळ्याच सुरात असतं.

मॅडमनी ‘२’ लिहून पाठवलं, तर तासाभरात कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवा. त्यात उद्देश, अजेंडा आणि तक्ता पुन्हा टाका. मीटिंगला निघताना माणूस इन्व्हाइटच उघडतो, पंधरवड्यापूर्वीचा मेल शोधत बसत नाही. आणि राखून ठेवलेल्या उरलेल्या दोन वेळा स्वतःच्या व साहेबांच्या कॅलेंडरवरून काढून टाका. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

शुक्रवार गेला आणि उत्तर नाही, तर सोमवारी सकाळी त्याच मेलच्या वर दोन ओळी लिहा: ‘मॅडम, बुधवार १५ आणि शुक्रवार १७ या दोन वेळा अजून राखून आहेत. यांपैकी एखादी जमेल का?’ मंगळवारची वेळ मुद्दाम गाळली आहे. आदल्या दिवशी विचारून उद्याची सकाळ मागण्यात अर्थ नसतो. मागच्या वेळी तुम्ही तोच मेल जसाच्या तसा पुन्हा पाठवलात. वेळा दिलेल्या असताना तसं केलं, तर त्यात होऊन गेलेल्या तारखा तशाच राहतात. आपण काय पाठवतोय ते न वाचताच पाठवलं, हे लगेच दिसतं. या स्मरणपत्रालाही उत्तर आलं नाही तर तिसरा मेल नको. फोन करा किंवा त्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोला. मेल समोर असल्यामुळे फोनवर बोलायला एकच वाक्य लागेल.

कधीकधी उत्तर येतं, ‘माझ्या अमुक सहकाऱ्याशी बोलून घ्या.’ नाराज व्हायचं कारण नाही, पण एक गोष्ट विचारून घ्या: मर्यादा ठरवायचा अधिकार त्यांना आहे का? असेल तर हाच मेल, याच अजेंड्यासह त्यांना पाठवा. नसेल तर उद्देशाचं वाक्य बदला. मग त्या मीटिंगमध्ये निर्णय होणार नाही, मॅडमपुढे ठेवायचा प्रस्ताव तयार होईल. हे न बदलता बसलात तर पंचवीस मिनिटं बोलून झाल्यावर ‘मॅडमना विचारावं लागेल’ हे ऐकायला मिळेल.

आणि समजा मॅडमनी तक्ता बघून लिहिलं, ‘मीटिंग कशाला, तुमचा प्रस्ताव मेलवरच पाठवा’, तर हट्ट धरू नका. अर्धं पान लिहा: कोणते फरक, किती टक्के आणि कमाल किती रक्कम, मंजुरी कोणाची, दर महिन्याला अशा बिलांची यादी फायनान्सला कोण देणार, आणि किती महिन्यांनी हे पुन्हा तपासायचं. अजेंड्यातले तीन प्रश्न तुमच्याकडे तयार आहेतच. त्यांच्याखाली तुमची उत्तरं लिहा आणि पाठवून द्या.